गैरहजर पक्षकार

न्यायासनावर बसणाऱ्या मनुष्यास कायद्याने एक मोठी सवलत दिलेली असते, ती अशी की, ज्या दोन पक्षांतील तंट्याचा निकाल त्याला करावयाचा असतो त्यांपैकी एकही पक्ष त्याचा सोयरा, धनको किंवा ऋणको असता कामा नये. आणि तसे काही निघालेच, तर ते कागद दुसऱ्या न्यायाधीशाकडे वर्ग करून तो मोकळा होऊ शकतो. परंतु वादी आणि प्रतिवादी हे दोघेही जेव्हा त्याच्या स्वतःच्या अंतःकरणातच उभे राहतात, एकाच्या हाती पूर्वी दिलेला शब्द असतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी असते, तेव्हा कागद वर्ग करण्याजोगी दुसरी कचेरी सबंध पृथ्वीवर नसते. आणि दिवसभर परक्यांचे दावे निर्विकारपणे निकाली काढणारा मनुष्य संध्याकाळी घरी येऊन आपल्याच दाव्यापुढे हतबुद्ध होऊन बसतो. अशा एका न्यायाधीशाची गोष्ट मला सांगावयाची आहे. ती कल्पित नाही. १८७३ सालच्या अखेरीस पुण्यात घडलेली आहे आणि तिच्यातील न्यायाधीशाचे नाव महादेव गोविंद रानडे असे आहे.

त्या वेळी रानडे पुण्यास पहिल्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज होते आणि त्यांचे वय अवघे एकतीस होते. परंतु त्यांच्या नावाभोवती जे वलय होते ते या हुद्द्याचे नव्हे. विधवांच्या पुनर्विवाहास उत्तेजन देण्यासाठी मुंबईस जे मंडळ निघाले होते त्याचे ते आघाडीचे सभासद होते. १८६९ साली मंडळाच्या पुरस्काराने पहिला गाजलेला पुनर्विवाह झाला तेव्हा करवीरच्या शंकराचार्यांनी मंडळाच्या पुढाऱ्यांवर जो बहिष्कार घातला त्यात तेही सापडले. आणि १८७० साली पुण्यात पुनर्विवाह शास्त्रसंमत आहे की नाही याचा जो मोठा वादविवाद झाला त्यात सुधारकांच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडितांच्या खांद्याला खांदा लावून ते उभे राहिले. वाद सुधारक हरले. परंतु हरल्यामुळे त्यांचे बोलणे मागे घेतले गेले असे नव्हे. उलट महाराष्ट्रातील प्रत्येक घरात, जेथे कोणी बालविधवा कोपऱ्यात बसलेली होती तेथे, या मंडळींनी आपल्यासाठी काही करण्याचे अंगावर घेतले आहे अशी एक समजूत पोहोचली होती.

अशा स्थितीत १८७३ च्या ऑक्टोबरात त्यांची पहिली पत्नी सखूबाई क्षयाने वारली. पुढे काय घडले ते रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे, आणि त्यांच्यापेक्षा अधिक जवळचा साक्षीदार मिळणे अशक्य आहे. आपला मुलगा आता एखाद्या विधवेशी लग्न करील या धास्तीने वडील गोविंदराव अस्वस्थ झाले. त्यांनी मुलाला न विचारता स्थळ पाहिले. साताऱ्याकडील देवराष्ट्रे गावचे कुर्लेकर जहागीरदार आपली अकरा वर्षांची मुलगी घेऊन पुण्यास आले. आणि त्या आठवड्यांत मुंबईच्या मित्रांची जी पत्रे येत ती गोविंदराव मुलाच्या हाती पडू देत नसत, कारण त्या पत्रांत काय असणार हे त्यांना न उघडताही कळत होते. मुलाने विनवणी केली. आपले वय आता लहान नाही, लग्न करण्याची इच्छा नाही, असे त्याने सांगितले. घरात बहीण दुर्गा तरुणपणीच विधवा होऊन बसली आहे, तिचे लग्न करावे असे कोणाच्या मनात येत नाही आणि माझे मात्र महिना उलटत नाही तोच करावयास निघालात, असे बोलून पाहिले. निदान सहा महिने थांबा, अशी मुदत मागितली. इतकेच नव्हे, तर आपण विधवेशी लग्न करणार नाही असे वचन देण्याचीही तयारी दाखवली. मुलीच्या वडिलांना भेटून आपण सुधारक आहोत, विलायतेस जाण्याचा आपला विचार आहे आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही, शिवाय आपले डोळे आणि कान अधू आहेत, असे स्वतःविरुद्ध सगळे पुरावे त्यांनी स्वतःच दाखल केले. जहागीरदार हलले नाहीत. अखेर वडिलांनी सांगितले की, मुलगी परत पाठवशील तर त्या गृहस्थाची आणि माझी दोघांचीही अब्रू जाईल, आणि मग मी करवीरास निघून जाईन, तुझा माझा संबंध सुटला असे समज. मुलगा गप्प बसला. लग्न झाले. त्या रात्री ते कोणाशी बोलले नाहीत, जेवले नाहीत, खोलीत जाऊन बसले.

ही हकीकत मी पुष्कळ वर्षांपूर्वी वाचली होती. परंतु तिचा खरा विचार गेल्या पावसाळ्यात आमच्या कामणला झाला. कामण हे वसई तालुक्यातील, तुंगारेश्वराच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले गाव. वसईहून भिवंडीकडे जाणारी सडक गावावरून जाते आणि दिव्याकडे जाणाऱ्या रेल्वेचे ‘कामण रोड’ हे स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. सडकेवर मालमोटारींचा अहोरात्र खडखडाट आणि तिच्या दोन्ही अंगांस गोदामे, परंतु आषाढ लागला की कामणदुर्ग ढगात नाहीसा होतो, उरल्यासुरल्या शेतांत लावणी सुरू होते आणि आमच्यासारख्या निवृत्त माणसांना संध्याकाळी एकमेकांच्या ओटीवर जाण्यावाचून दुसरा उद्योग राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत एक वृद्ध शिरस्तेदार आहेत. सारी नोकरी दिवाणी कोर्टात गेल्यामुळे जगातील कोणतीही गोष्ट त्यांना कैफियत, मुद्दे आणि हुकूमनामा या क्रमानेच दिसते. त्यांना मी रमाबाईंचे पुस्तक वाचावयास दिले. चार दिवसांनी ते छत्री झटकत ओटीवर आले आणि पुस्तक परत करीत म्हणाले, “मास्तर, तुमच्या रावसाहेबांची तहकुबी नामंजूर झाली, एवढ्याने दावा निकाली निघत नाही. यात मुद्देच काढलेले नाहीत.”

“कसले मुद्दे, नाना?” मी विचारले.

“पहिला मुद्दा, शब्द दिला होता काय? दुसरा, दिला असल्यास कोणाला? तिसरा, तो मोडण्यास कारण पुरेसे होते काय? आणि चौथा, मोडला तर त्याच्या भरपाईचे काय? हे चार मुद्दे काढल्यावाचून जो निकाल देईल त्याचा निकाल वरच्या कोर्टात टिकायचा नाही.”

नाना ज्या पद्धतीने बोलत होते तीच पद्धत, ज्याचे नाव त्यांच्या कधी कानावरही आलेले नव्हते अशा इंग्लंडातील एका तत्त्वज्ञाने नीतिशास्त्रास लावून दाखवलेली आहे. विल्यम डेव्हिड रॉस हा मूळचा स्कॉटलंडचा, ऑक्सफर्ड येथील अ‍ॅरिस्टॉटलचा गाढा अभ्यासक. १९३० साली त्याने जो ग्रंथ लिहिला त्यात असे प्रतिपादिले की, मनुष्याची कर्तव्ये एकाच मूळतत्त्वातून निघत नाहीत. ती अनेक आहेत आणि त्यांची कुळे निरनिराळी आहेत. दिलेला शब्द पाळणे हे एक. आपल्या हातून झालेल्या अपकाराची भरपाई करणे हे दुसरे. उपकारकर्त्याविषयीची कृतज्ञता, न्याय्य वाटणी, दुसऱ्याचे कल्याण, आपली स्वतःची उन्नती आणि कोणास इजा न करणे ही बाकीची. यांपैकी प्रत्येक कर्तव्य सकृद्दर्शनी बंधनकारक असते. म्हणजे दुसरे कोणतेही कर्तव्य आड येत नसेल तर ते करावेच लागते. आड आले तर मात्र त्या विशिष्ट प्रसंगी कोणते अधिक वजनदार आहे हे पाहून निर्णय करावा लागतो, आणि ते वजन करण्याचा कायमचा तराजू कोणाजवळही नाही. मित्रास अमुक वेळी भेटण्याचा शब्द दिला आहे आणि वाटेत अपघात टाळता येण्याजोगा आहे, तर शब्द बाजूस ठेवून अपघात टाळावा, हे त्याचेच उदाहरण.

इथपर्यंतचा भाग कोणासही मान्य होण्यासारखा आहे. रॉसचे खरे वैशिष्ट्य याच्या पुढे आहे. तो म्हणतो की, दुःखितास साह्य करण्यासाठी वचन मोडणे रास्त ठरले, तरी ते वचन त्या क्षणी नाहीसे होत नाही. त्याचे बंधन होतेच, ते केवळ हरले. आणि म्हणून योग्य तेच करणाऱ्या मनुष्याच्या मनातही एक बोच राहते आणि ज्याला वचन दिले होते त्याची कशी तरी भरपाई करण्याचे एक नवे कर्तव्य त्याच्या अंगावर येते. ही बोच पश्चात्ताप नव्हे, कारण केले ते चूक नव्हते. आणि ती मनाचा दुबळेपणाही नव्हे, कारण ती ज्या देण्याची आठवण देते ते देणे खरोखरीच शिल्लक असते.

शिरस्तेदारांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही. त्यांनी समोरच्या शेताकडे बोट केले. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत एका घराने दुसऱ्या घरास माणसे देण्याचा जुना रिवाज आहे. अमक्या दिवशी आमच्या घरची चार माणसे तुमच्या खाचरात येतील असा शब्द आधीच गेलेला असतो, कारण रोप तयार झाले आणि चिखल झाला की मग पाऊस कोणासाठी थांबत नाही. त्या दिवशी शब्द देणाराच्या घरी कोणी आजारी पडले आणि माणसे गेली नाहीत, तर गावात त्याला कोणी लबाड म्हणत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी तो जर चाराऐवजी पाच माणसे घेऊन, न बोलावता, त्या खाचरात उतरला नाही, तर मात्र पुढल्या वर्षी त्याच्या खाचरात कोणी पाय ठेवीत नाही. आजारीपणामुळे न येणे माफ होते. त्यामुळे देणे माफ झाले असे समजणे माफ होत नाही. रॉसला जे सांगण्यास अनेक पाने लागली ते आमच्या शेतकऱ्यास पाचव्या माणसाच्या रूपाने कळलेले असते.

आता नानांचे मुद्दे क्रमाने घ्यावे. पहिला मुद्दा, शब्द दिला होता काय. मी पत्नी वारल्यास विधवेशीच लग्न करीन, असा करारनामा रानड्यांनी कोठेही लिहून दिलेला नव्हता. परंतु शब्द तोंडाने उच्चारूनच दिला जातो असे नाही. ज्याने सभेत, लेखात आणि शास्त्रार्थात एखादी गोष्ट दुसऱ्यांनी करावी म्हणून त्यांना भर दिला, आणि ज्याच्या भरवशावर काही माणसांनी जातीचा रोष पत्करून ती केली, त्याने स्वतःची पाळी आली असता मागे सरणार नाही असे आपल्या आचरणानेच लिहून दिलेले असते. रॉसनेही मानलेले आहे की, संभाषण करणारा मनुष्य खरे बोलण्याचे वचन कधी उच्चारीत नाही, तरी त्याने तोंड उघडले यातच ते वचन अंतर्भूत असते. तेव्हा पहिल्या मुद्द्याचे उत्तर होय असेच दिले पाहिजे; मात्र विधवेशीच लग्न करण्याचे बंधन आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न न करण्याचे बंधन ही दोन निरनिराळी आहेत, आणि पहिल्यापेक्षा दुसरे अधिक कडक होते. अविवाहित राहण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता आणि त्यांनी सहा महिन्यांची मुदत मागितली ती त्याच मार्गाचे दार उघडे ठेवण्यासाठी.

तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण नानांच्या मते हाच सर्वांत झगमगणारा असून याच्यामुळेच दुसरा दिसेनासा होतो. कारण पुरेसे होते काय? म्हाताऱ्या बापाची अब्रू, त्याचा घर सोडून जाण्याचा निश्चय, आणि लग्नासाठी आणून परत पाठवल्यास जिच्या जन्माचे मातेरे होईल अशी एक निष्पाप मुलगी. त्या काळच्या समाजात परत गेलेल्या मुलीस पुन्हा स्थळ मिळणे किती अवघड होते हे ज्यांना ठाऊक आहे ते या दयेस दुर्बलता म्हणणार नाहीत. हे खरे की, ज्या संकटावर दया करावयाची ते संकट गोविंदरावांनी स्वतःच उभे केले होते. पत्रे अडवून ठेवणे म्हणजे विरुद्ध पक्षाचे समन्स न बजावता दावा चालवणे होय. परंतु संकट कोणी निर्माण केले यावर त्यात सापडलेल्या तिसऱ्या माणसाचे दुःख कमी होत नाही. बापाने डाव टाकला म्हणून त्या मुलीने त्याची किंमत का द्यावी? या प्रश्नापुढे रानडे गप्प बसले, आणि तेथे आपणही गप्प बसलो असतो असे मला वाटते.

याच ठिकाणी महाभारतातील एक प्रसंग आठवतो. कर्णपर्वात युधिष्ठिर संतापून अर्जुनास म्हणतो की, तुझे गांडीव दुसऱ्यास देऊन टाक. आणि असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा असल्यामुळे तो वडील भावावर तलवार उपसतो. श्रीकृष्ण त्याला कौशिक नावाच्या एका ब्राह्मणाची कथा सांगतो. सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या या गृहस्थाने दरोडेखोरांनी विचारताच लपलेल्या माणसांचा ठिकाणा खरा सांगितला, ती माणसे मारली गेली, आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. टिळकांनी ‘गीतारहस्या’तील कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात अशाच पेचांचा ऊहापोह केला आहे. परंतु मला यातील पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा वाटतो. श्रीकृष्ण तोड काढतो की, वडिलांस ‘तू’ म्हणून अपमान करणे हाच त्यांचा वध. अर्जुन तसे करतो, प्रतिज्ञा अक्षरशः पाळली जाते, आणि तरीही अर्जुनाचे समाधान होत नाही. वडील भावाचा अपमान केला म्हणून तो आता स्वतःवरच तलवार उचलतो. कायद्याच्या भाषेत निकाल लागला, तरी जे कर्तव्य हरले त्याने आपला हक्क सोडलेला नव्हता, हे व्यासांना ठाऊक होते. त्यांनी या प्रसंगी कोणासही सुखाने झोपू दिलेले नाही.

आता चौथा मुद्दा, भरपाईचा. रमाबाई सांगतात की, लग्नानंतर पहिल्याच भेटीत पतीने त्यांना, मी कोण आहे आणि माझे नाव काय हे ठाऊक आहे काय, असे विचारले. लिहिता वाचता येते काय याची चौकशी केली. आणि येत नाही असे कळल्यावर तेव्हाच पाटीवर मुळाक्षरे काढून शिकवण्यास आरंभ केला. दिवसभर कोर्टात बसलेला, मनाने खचलेला हा पुरुष एका अनोळखी मुलीस धुळाक्षरे गिरवावयास लावतो, या दृश्यात प्रेम कितपत होते हे मला सांगता येणार नाही. परंतु देणे फेडावयास बसलेल्या माणसाची घाई मात्र त्यात स्पष्ट दिसते. पुढे मराठी झाले, इंग्रजी झाले. घरातील बायका रागावल्या, इंग्रजी शिकणाऱ्या सुनेस टोचून बोलू लागल्या. तरी धडे थांबले नाहीत. या मुलीने पुढे पुण्याच्या मुलींच्या हायस्कूलसाठी खटपट केली, सेवासदन उभे केले, आणि ज्या हुकूमनाम्यात तिला कोणी पक्षकार केले नव्हते त्याची समग्र हकीकत तिनेच लिहून ठेवली. भरपाई या शब्दाचा अर्थ इतका थोर क्वचितच झाला असेल, आणि म्हणून बहुतेक लेखक येथे पोहोचून समाधानाने लेखणी खाली ठेवतात.

शिरस्तेदार तेथे थांबावयास तयार नव्हते. “मास्तर,” ते म्हणाले, “दरखास्तीत पैसे वसूल झाले खरे, पण भलत्याच्या नावावर जमा झाले.” आणि मग त्यांनी आपला दुसरा मुद्दा पुढे केला: शब्द कोणाला दिला होता? तो रमाबाईंना दिलेला नव्हता. त्या वेळी तर त्या देवराष्ट्र्यास खेळत होत्या. तो विधवांना दिलेला होता. त्या लग्नाच्या वेळी त्यांच्यापैकी एक जण त्याच घरात, त्याच छपराखाली वावरत होती. दुर्गेचे नाव रानड्यांनी बापापुढे घेतले ते युक्तिवाद म्हणून. आणि तो युक्तिवाद बिनतोड होता. परंतु युक्तिवाद नामंजूर झाल्यावर ज्या व्यक्तीच्या नावाने तो केला तिचे पुढे काय? ती आपल्या बापाच्या घरात जशी होती तशीच राहिली. इतकेच नव्हे, तर नव्या वहिनीच्या इंग्रजी शिकण्याला विरोध करणाऱ्यांत रमाबाई ज्या नणंदेस दाखवतात ती हीच घरातली वन्सं. जिचे देणे होते तिला ते मिळाले नाही आणि ते दुसरीस मिळताना तिने पाहिले, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे तिच्या विरोधाकडे केवळ जुन्या मताचा हट्ट म्हणून पाहणे मला तरी कठीण जाते.

रानड्यांनी या बाजूने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे सहकारी विष्णुशास्त्री पंडित यांच्यावरही पत्नीच्या निधनाचा तोच प्रसंग आला आणि त्यांनी एका विधवेशी विवाह केला. या जोडप्यास रानड्यांनी आपल्या घरी जेवावयास बोलावले, तेव्हा गोविंदराव संतापून कोल्हापूरला जावयास निघाले. या वेळी मुलाने बापाचे पाय धरले खरे, पण आमंत्रण मागे घेतले नाही. आपण गेलात तर मीही नोकरीचा राजीनामा देतो, असे तो म्हणाला आणि बाप थांबला. पहिल्या प्रसंगी जी धमकी निर्णायक ठरली तीच धमकी दुसऱ्या प्रसंगी पेलता आली. हे कसे झाले याचा मी विचार करतो तेव्हा मला असे दिसते की, या खेपेस दुसरा पक्ष हजर होता. विष्णुशास्त्री आणि त्यांची पत्नी ही पानावर बसणारी, नावागावाची, डोळ्यांना दिसणारी माणसे होती. त्यांचा अपमान हा समोर घडणारा अपमान होता. १८७३ मध्ये मात्र एका बाजूस रडणारा बाप आणि मांडवात आलेली मुलगी, आणि दुसऱ्या बाजूस, ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा घरोघरच्या विधवा. आणि ज्या पत्रांतून त्यांचा आवाज येऊ शकला असता तीही अडवून ठेवलेली.

वचन आणि दया यांच्या तंट्यातील मर्म मला येथे सापडले असे वाटते. दया ही हजर असलेल्याची बाजू घेते. तिला चेहरा लागतो, आवाज लागतो, समोर उभे असलेले संकट लागते. वचन हे त्याच्या उलट गैरहजर माणसाचे वकीलपत्र असते. मनुष्य शब्द देतो तो एवढ्याचसाठी की, वेळ येईल तेव्हा ज्याला शब्द दिला तो आपल्यापुढे उभा नसेल, त्याचे दुःख आपल्याला दिसत नसेल, आणि आपल्या मनाचा कल भलतीकडेच झुकत असेल. त्या वेळी त्याच्या वतीने आपल्याशी भांडण्यास कोणी तरी असावे. म्हणून या दोघांची तुलना केवळ त्या क्षणी होणाऱ्या वेदनेच्या वजनावर केली, तर वचन जवळजवळ नेहमीच हरणार, कारण त्याच्या बाजूची वेदना तेथे दाखलच झालेली नसते. रॉसच्या कर्तव्यांच्या यादीत शब्द पाळण्यास जे स्वतंत्र स्थान आहे, ते कल्याणाच्या हिशेबात विरघळवून टाकता येत नाही असे तो जे आग्रहाने म्हणतो, त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

परंतु याचा अर्थ दयेने कधी जिंकूच नये असाही नव्हे. कौशिकाची गोष्ट कोणी विसरू नये. त्या मुलीस परत पाठवून तत्त्वनिष्ठ म्हणवून घेणारा रानडे मला अधिक आदरणीय वाटला असता असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. आणि ज्यांनी त्यांच्यावर त्या वेळी बोलक्या सुधारणेचा आरोप केला त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या बापास असे निरोप देऊन दाखवले असते, हाही प्रश्नच आहे. निकाल मी फिरवणार नाही. मात्र नानांच्या सांगण्यावरून त्या निकालाची नक्कल पुन्हा वाचताना त्यात एक कलम कमी आहे असे दिसते, आणि ते कलम पुढे कधीही, कोणाच्याही निकालात कमी नसावे असे वाटते. दयेस्तव वचन मोडणाऱ्याने त्याच बैठकीत हे लिहून ठेवले पाहिजे की, ज्याचा शब्द मोडला तो पक्षकार कोण, त्याचे देणे काय राहिले, आणि ते कोणत्या मुदतीत, त्याच्याच हाती, कसे पोहोचणार. दुसऱ्या कोणाचे कितीही भले केले तरी या रकमेची वजावट होत नाही.

या एका कलमावरून आणखी एक गोष्ट पारखता येते, आणि ती रानड्यांपेक्षा आपल्यासारख्या सामान्य माणसांच्या अधिक उपयोगाची आहे. घरात, गावात, कचेरीत आपण शब्द मोडतो तेव्हा बहुधा दयेचेच नाव पुढे करतो: समोरच्याचे मन मोडवले नाही, त्याचा चेहरा पाहवला नाही. पुष्कळदा ती दया नसतेच. समोरासमोर नाही म्हणण्याचा तो नुसता संकोच असतो, आणि गैरहजर माणसाच्या खर्चाने आपण तो टाळलेला असतो. दोन्हींचे बाह्य रूप इतके सारखे असते की आपले आपल्यालाही ते कळत नाही. ओळखण्याची खूण एवढीच की, खऱ्या दयेने शब्द मोडलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी त्या गैरहजर पक्षकाराचा पत्ता शोधीत निघतो, आणि संकोचाने मोडलेला मनुष्य त्याची गाठ पडू नये म्हणून रस्ता बदलतो. ज्या घरात दोघी एकत्र राहत होत्या तेथे रानड्यांना रस्ता बदलण्यास जागा नव्हती. पाटी त्यांनी एकीपुढे ठेवली, आणि दुसरीचा हिशेब त्यांच्या थोर चरित्रातही शेवटपर्यंत खुला राहिला.